प्रकल्प नोंदी : लाकडी घाण्याचा ब्रेक-इव्हन

३ नोव्हेंबर २०२५

मॅनेजरियल अकाउंटिंगच्या नोट्समध्ये ब्रेक-इव्हनचं, म्हणजे नफाही नाही आणि तोटाही नाही अशा विक्रीचं, प्रकरण नव्याने लिहायला घेतलं. जुन्या नोट्समधलं उदाहरण वाचलं तर तीन ओळींत संपतं : स्थिर खर्च एक लाख, विक्री किंमत पन्नास, बदलता खर्च तीस, सांगा किती नग. मुलं भागाकार करतात आणि पाच हजार नग लिहून मोकळी होतात. यात खरं काम कुठेच होत नाही, कारण खर्च आधीच वेगळे करून ताटात वाढलेले असतात. प्रत्यक्षात खर्च वेगळे करणं हेच सगळ्यात अवघड.

म्हणून साताऱ्याजवळच्या एका लाकडी घाण्याचं उदाहरण घ्यायचं ठरवलं. शेंगदाणा तेल काढणारा एकच घाणा, तीन एचपीची मोटर, पुढे छोटं दुकान. मालक ओळखीचे आहेत. त्यांच्या वहीतले आकडे गोळाबेरीज करून वापरायला त्यांनी हरकत घेतली नाही. नाव द्यायचं नाही, एवढंच ठरलं.

परिमाण : एक लिटर तेल. कालावधी : एक महिना, कामाचे २५ दिवस.

५ नोव्हेंबर

आज फक्त बदलता खर्च. एक लिटर जास्त काढला तर कुठला खर्च वाढतो, हाच एक प्रश्न प्रत्येक ओळीला विचारायचा.

दाणे ११० रुपये किलो. या घाण्यावर एक लिटर तेलाला सरासरी अडीच किलो दाणे लागतात, म्हणजे २७५ रुपये. पण इथे थांबलं तर उदाहरण चुकतं. एक लिटर शेंगदाणा तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. अडीच किलो दाण्यांतून तेल गेल्यावर जवळपास १,५९० ग्रॅम उरायला हवं. ओलावा आणि गाळ वजा जाता दीड किलो पेंड हाती येते. घाण्याच्या पेंडीत तेल जास्त राहतं, त्यामुळे गाई-म्हशीवाले ती ४० रुपये किलोने आनंदाने नेतात. दीड किलोचे ६० रुपये.

पेंडीचे हे ६० रुपये कुठे धरायचे? काही मुलं ते महिन्याच्या शेवटी ‘इतर उत्पन्न’ म्हणून लिहितील. तसं केलं तर प्रत्येक लिटरचं कॉन्ट्रिब्युशन, म्हणजे विक्री किमतीतून बदलता खर्च जाऊन उरणारे पैसे, ६० रुपयांनी कमी दिसतं आणि धंदा बसल्यासारखा वाटतो. पेंड प्रत्येक लिटरबरोबर आपोआप निघते, म्हणून तिचे पैसे दाण्यांच्या खर्चातूनच वजा व्हायला हवेत. २७५ वजा ६०, निव्वळ २१५.

बाटली, झाकण, लेबल मिळून १५ रुपये. खाद्यतेल सुटं विकायला अन्नसुरक्षा नियमांत मनाई आहे, त्यामुळे हा खर्च टाळता येणारा नाही. वीज ५ रुपये धरली आहे. तो आकडा कसा आला ते उद्या. कमिशन २० रुपये. निम्मं तेल स्वतःच्या काउंटरवर जातं, तिथे कमिशन नाही. निम्मं किराणा दुकानांतून जातं, तिथे बाटलीमागे ४० रुपये द्यावे लागतात. सरासरी २०.

एकूण २५५ रुपये.

विक्री किंमत बाटलीवर ३५७ रुपये छापली आहे. त्यात ५ टक्के जीएसटी आहे. ३५७ ला १.०५ ने भागलं की ३४० येतात, आणि मालकाचे तेवढेच. १७ रुपये सरकारचे, ते फक्त त्याच्या गल्ल्यातून जातात. नोट्समध्ये ही पायरी वेगळी दाखवायची, कारण इथे ३५७ घेतले तर कॉन्ट्रिब्युशन १०२ दिसतं आणि पुढचं सगळं गणित दिलासा देणारं पण खोटं निघतं.

३४० वजा २५५ म्हणजे ८५ रुपये लिटरला कॉन्ट्रिब्युशन. मराठी माध्यमाच्या पुस्तकात यालाच अंशदान म्हटलेलं असतं. विक्रीच्या शेकडा २५. हे पीव्ही गुणोत्तर.

६ नोव्हेंबर

विजेचं बिल. हा खर्च अर्धवट आहे : थोडा स्थिर, थोडा बदलता. बिलावर ‘स्थिर आकार’ अशी ओळ छापलेली असतेच, पण तेवढा आकडा उचलून चालत नाही. दुकानाचे दिवे, पंखा, वजनकाटा हेही त्याच मीटरवर आहेत आणि घाणा बंद असला तरी चालतात.

मालकांकडे दोन महिन्यांची बिलं होती. ५०० लिटरच्या महिन्यात ३,७०० रुपये, १,००० लिटरच्या महिन्यात ६,२००. हाय-लो पद्धतीने फरक काढला : ५०० लिटरला २,५०० रुपये, म्हणजे लिटरला ५. मग ३,७०० मधून ५०० × ५ = २,५०० वजा केले की १,२०० उरतात. दुसऱ्या महिन्यावर पडताळलं : १,२०० अधिक ५,००० बरोबर ६,२००. अर्थात दोन बिंदूंतून रेघ काढली की ती दोन्ही बिंदूंतून जाणारच, त्यामुळे ही पडताळणी फक्त बेरीज-वजाबाकीची आहे, पद्धतीची नाही.

पद्धतीला धोका दोन बाजूंनी आहे. बिलात ‘इंधन समायोजन आकार’ महिन्यागणिक बदलतो. दोन बिलांत तो वेगळा असेल तर लिटरच्या ५ रुपयांत दरवाढही मिसळलेली असते. म्हणून आधी युनिट घ्यायचे, रुपये नंतर. दुसरं म्हणजे दोनपैकी एक महिना नेहमीसारखा नसणं. दिवाळीच्या महिन्यात दुकान रात्री उशिरापर्यंत उघडं असेल तर दिव्यांचा खर्च तेलाच्या खात्यात शिरतो. ही दोन वाक्यं नोट्समध्ये राहू द्यायची.

८ नोव्हेंबर

स्थिर खर्चाची यादी, महिन्याला :

भाडं १२,०००. दोन कामगार मिळून २७,०००. विजेचा स्थिर भाग १,२००. घाणा, मोटर, गाळणी, टाक्या यांना ३,६०,००० लागले. दहा वर्षं आयुष्य धरून घसारा ३,०००. कर्जाचं व्याज ३,०००. परवाना, फोन, हिशेबनीस, किरकोळ दुरुस्ती १,८००.

बेरीज ४८,०००.

इथे मालकांशी बोलणं झालं ते लिहून ठेवतो, कारण उदाहरणाचा कणा तिथेच ठरला. मी विचारलं, “काका, तुमचा पगार यात कुठे आहे?”

“माझा कसला पगार? उरेल ते माझंच की.”

“आणि उद्या तुम्ही घाण्यावर उभे राहिला नाहीत तर?”

“मग माणूस ठेवावा लागेल. वीस हजारांखाली कोण येतंय आता?”

ते वीस हजार मी यादीत घातले. घातले नाहीत तर ब्रेक-इव्हन ४८,००० भागिले ८५, म्हणजे ५६५ लिटरवर येतो. ५६५ लिटर विकून मालक म्हणेल तोटा नाही, आणि महिनाभर पहाटेपासून घाण्यावर उभं राहून घरी काहीच नेणार नाही. घरच्या धंद्यांत ही जागा नेहमी रिकामी सुटते. वहीवर नफा दिसतो तो बहुतेक वेळा मालकाच्या न मोजलेल्या मजुरीचा असतो. माझं मत ठाम आहे : मालक स्वतः काम करत असेल तर त्याच्या कामाची बाजारातली मजुरी स्थिर खर्चात धरलीच पाहिजे.

एकूण स्थिर खर्च ६८,०००.

कर्जाच्या हप्त्यातलं मुद्दल या यादीत नाही. ५,००० रुपये मुद्दल दरमहा जातं खरं, पण तो खर्च नव्हे, देणं कमी होणं आहे. उलट घसारा खर्च आहे, पण महिन्याला खिशातून जात नाही. रोख ब्रेक-इव्हन हवा असेल तर ६८,००० मधून ३,००० काढायचे आणि ५,००० मिळवायचे. ७०,००० भागिले ८५, म्हणजे ८२४ लिटर. बँकेचा हप्ता चुकू नये अशी चिंता असलेल्याने हा आकडा बघावा.

१० नोव्हेंबर

मुख्य आकडेमोड.

ब्रेक-इव्हन = ६८,००० ÷ ८५ = ८०० लिटर. रुपयांत २,७२,००० ची विक्री. पीव्ही गुणोत्तराने तोच आकडा येतो : ६८,००० ÷ ०.२५.

स्प्रेडशीटमध्ये ही ओळ, नेहमी वर पूर्णांकात :

```
=ROUNDUP(B12/(B3-B9),0)
```

B12 मध्ये स्थिर खर्च, B3 मध्ये जीएसटी वगळून किंमत, B9 मध्ये बदलता खर्च. साधं ROUND वापरलं तर कधी कधी उत्तर एका लिटरने खाली येतं, आणि तेवढ्यावर खर्च पूर्ण भरून निघत नाही.

मुलांना हे सूत्र म्हणून न देता महिना म्हणून दाखवायचं आहे. पहिल्या तारखेला ६८,००० चं ओझं डोक्यावर आहे. प्रत्येक बाटली त्यातले ८५ रुपये उतरवते. ३४० नव्हे, कारण २५५ तर त्या बाटलीनेच खाल्ले. दिवसाला ३२ लिटर गेले तर पंचविसाव्या दिवशी ओझं शून्य होतं. ३८ लिटर गेले तर बाविसाव्या दिवशी केव्हातरी ते उतरतं, आणि त्यानंतरच्या प्रत्येक लिटरचे ८५ निव्वळ नफ्याचे. ९५० लिटरला नफा १५० × ८५ = १२,७५० येतो. थेट पडताळणी : विक्री ३,२३,०००, बदलता खर्च २,४२,२५०, उरले ८०,७५०, त्यातून ६८,००० गेले, १२,७५० राहिले. जुळलं.

१४ नोव्हेंबर

आजचं काम या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे. ८०० हा आकडा काय झालं तर किती हलतो?

मालकांची सगळी ओढाताण स्थिर खर्चावर असते. भाडं कमी करून घेऊ, एक माणूस कमी करू. समजा स्थिर खर्च १० टक्क्यांनी खाली आला : ६१,२०० भागिले ८५, म्हणजे ७२० लिटर. ऐंशी लिटरची सवड. आता दाणे १० टक्क्यांनी महागले असं धरू : ११० चे १२१. लिटरला २७ रुपये ५० पैसे जास्त. कॉन्ट्रिब्युशन ८५ वरून ५७.५० वर. ब्रेक-इव्हन १,१८३ लिटर.

दाणे १० टक्के हलले की बिंदू ३८३ लिटर वर गेला. कारण उघड आहे : ३४० च्या विक्रीत दाण्यांचेच २७५ आहेत आणि कॉन्ट्रिब्युशन फक्त ८५. मोठ्या आकड्यातला छोटा बदल छोट्या आकड्यावर येऊन पडतो.

| काय बदललं | लिटरला कॉन्ट्रिब्युशन | ब्रेक-इव्हन |
|---|---|---|
| काही नाही | ८५ | ८०० |
| दाणे १२० रु. किलो | ६० | १,१३४ |
| दाणे १२४ रु. किलो | ५० | १,३६० |
| पेंड ४० वरून ३० | ७० | ९७२ |
| लिटरला २.६ किलो दाणे | ७८ | ८७२ |

शेवटची ओळ लक्ष देण्यासारखी आहे. दाणे जुने, जास्त सुकलेले किंवा हलक्या प्रतीचे आले की लिटरला शंभर ग्रॅम जास्त लागतात. खर्च ११ रुपयांनी वाढतो, पेंड थोडी जास्त निघून ४ परत येतात, फरक ७ चा. वहीत हे कधीच दिसत नाही, कारण वहीत दाण्यांची पोती आणि विकलेल्या बाटल्या वेगवेगळ्या पानांवर असतात. ओळखायचं असेल तर दर आठवड्याला वापरलेले किलो भागिले भरलेले लिटर, एवढा एक भागाकार पुरतो. तो २.५ च्या वर सरकायला लागला की माल तपासायचा.

१२४ च्या ओळीपाशी मुलांना थांबवायचं आहे. १,३६० लिटर विकणं तर दूरच, तेवढं काढता तरी येईल का?

१७ नोव्हेंबर

क्षमता मोजली. एका खेपेला २० किलो दाणे, त्यातून ८ लिटर. खेप तासाभराची, पण लाट आणि उखळ साफ करणं, पेंड काढणं यात वेळ जातो, म्हणून दिवसाला सहा खेपा. महिन्याला १५० खेपा, १,२०० लिटर.

म्हणजे दाणे १२४ रुपये झाले आणि किंमत ३५७ च राहिली तर हा घाणा महिनाभर न थांबता चालला आणि थेंबन् थेंब विकला गेला तरी तोट्यातच राहील. ब्रेक-इव्हनच्या आलेखात १,२०० लिटरपाशी ही क्षमतेची उभी रेघ काढायचीच. बहुतेक आलेखांत ती नसते आणि विक्रीची रेघ उजवीकडे कुठवरही जाते.

मग मालक महाग दाण्यांच्या महिन्यांत काय करतात? गिऱ्हाईक स्वतःचे दाणे घेऊन येतं, घाणा फक्त तेल काढून देतो, किलोमागे २० रुपये मजुरी. एका खेपेचे ४०० रुपये. वीज ४० रुपयांची. बाटली गिऱ्हाइकाची, पेंडही गिऱ्हाइकाची. कॉन्ट्रिब्युशन ३६०. स्वतःच्या तेलाच्या खेपेचं ८ × ८५ = ६८०.

खेपा मोजक्याच आहेत, म्हणून तुलना लिटरमागे न करता खेपेमागे केली पाहिजे. दाणे ११० असताना स्वतःचं तेल मजुरीच्या जवळपास दुप्पट देतं. दाणे १२६ झाले की लिटरला ४५ उरतात, खेपेला ३६०, आणि दोन्ही कामं सारखी होतात. त्याच्या वर मजुरी सरस, शिवाय दाण्यात पैसे अडकत नाहीत.

आणि मजुरीमुळे ८०० हे एकमेव उत्तर उरत नाही. समजा स्वतःचं तेल ६०० लिटरच जातं. ७५ खेपा, ५१,००० रुपये उतरले. राहिले १७,०००. मजुरीच्या ४८ खेपा केल्या की तेही उतरतात. ७५ आणि ४८ मिळून १२३, दीडशेच्या आत. स्वतःच्या तेलाला गिऱ्हाईक नसताना घाणा रिकामा ठेवण्यापेक्षा खेपेचे ३६० केव्हाही बरे.

२१ नोव्हेंबर

कमिशनची सरासरी आज पुन्हा उघडली. २० रुपये हा आकडा निम्मं-निम्मं विकलं जातं म्हणून खरा आहे. काउंटरवरच्या लिटरला कॉन्ट्रिब्युशन १०५, दुकानातून गेलेल्याला ६५. सगळं काउंटरवर गेलं तर ब्रेक-इव्हन ६४८ लिटर, सगळं दुकानांतून गेलं तर १,०४७. मालक दुकानं वाढवत आहेत. त्यांची विक्री ८०० वरून ९०० झाली आणि वाढलेले सगळे लिटर दुकानांतले असले तर नफा १०० × ६५ = ६,५००, ८,५०० नव्हे. वाढ दुकानांतून होत असताना जुन्या सरासरीने हिशेब केला तर दर महिन्याला अपेक्षेपेक्षा थोडं कमी उरतं आणि कारण सापडत नाही.

दाण्यांच्या भावाचा एक प्रश्नही आज सोडवला. ऑक्टोबर-नोव्हेंबरला खरिपाचा शेंगदाणा बाजारात येतो, तेव्हा भाव उतरलेला असतो, आणि मालक साठा करतात. समजा १०४ ने घेतलेला माल गोदामात आहे आणि आज बाजारात १२० आहे. तेल काढायचं की मजुरी घ्यायची, हे ठरवताना १२० च धरायचे, कारण तेच दाणे आज तसेच विकले तर १२० येतात. वर्षाच्या नफा-तोटा पत्रकात १०४ येतील, ते बरोबरच आहे. दोन कामांसाठी दोन आकडे, आणि नोट्समध्ये दोन्ही वेगळ्या रकान्यांत.

२५ नोव्हेंबर

प्रकरणाच्या शेवटी सोडवायला द्यायचं उदाहरण तयार केलं. मालक दुसरा घाणा घ्यायचा विचार करत आहेत. घाण्याची किंमत २,४०,०००, दहा वर्षांचा घसारा महिन्याला २,०००. व्याज १,६००. आणखी एक माणूस १३,०००. विजेचा भार वाढवण्याचे ४००. महिन्याला १७,००० नवा स्थिर खर्च, एकूण ८५,०००. ब्रेक-इव्हन १,००० लिटर.

मुलं इथे थांबतील आणि म्हणतील, १,००० तर होतंच आहे, घ्या घाणा. त्यांना पुढचा प्रश्न विचारायचा. एकाच घाण्यावर पूर्ण १,२०० लिटर काढले तर नफा ४०० × ८५ = ३४,०००. दोन घाण्यांवर तेवढाच नफा हवा असेल तर ८५,००० अधिक ३४,००० भागिले ८५, म्हणजे १,४०० लिटर. म्हणजे १,२०० ते १,४०० या दरम्यान विक्री राहिली तर दुसरा घाणा तोट्यात नसेल, पण पहिल्या एकट्यापेक्षा कमीच देईल. स्थिर खर्च असा पायरीने चढतो, आणि पायरी चढल्यावर आधीच्या नफ्यापर्यंत परत पोचायला २०० लिटरची चाल लागते.

हेच काकांना दाखवलं. त्यांनी कागद वाचला आणि विचारलं, “ते दोनशे लिटर दुकानांतून गेले तर?”

लिटरला ८५ च्या ऐवजी ६५ धरून त्यांच्या समोरच १७,००० ला भागलं. २६२ लिटर. हा भागाकार उदाहरणात उपप्रश्न म्हणून घातला.